भाड्याची तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर? देय तारीख, सवलतीची मुदत आणि ‘वेळेवर’ भाडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाडेकरार हातात आला की लोक भाडे किती आणि डिपॉझिट किती हे दोनदा वाचतात. भाडे कोणत्या तारखेला द्यायचे हे कलम एका ओळीचे असते, ते नजरेखालून जाते आणि संपते. मग एखाद्या महिन्यात ती तारीख रविवारी येते, सोमवारीही सुट्टी असते, पैसे बुधवारी निघतात, गुरुवारी पोचतात आणि दोन्ही बाजूंना मनापासून वाटते की आपलेच खरे. भाडेकरार लिहिण्याच्या आणि वाचण्याच्या कामात मी हा वाद इतक्यांदा पाहिला आहे की त्यावरचे प्रश्न एका जागी मांडावेसे वाटले. एक गोष्ट आधीच सांगतो. देश, राज्य आणि घराचा प्रकार यांनुसार कायदा बदलतो. इथे मुख्यतः कलम वाचायचे कसे ते सांगितले आहे, आणि कायद्याचे दाखले मुद्दा स्पष्ट करण्यापुरते घेतले आहेत.

देय तारीख आणि सवलतीची मुदत एकच का?

नाही, आणि निम्मे वाद इथेच सुरू होतात. ज्या दिवशी भाडे देणे लागते ती देय तारीख. त्यानंतर काही दिवस उशीर झाला तरी मालक विलंब आकार लावणार नाही किंवा नोटीस देणार नाही, तेवढे दिवस म्हणजे सवलतीची मुदत, बोलीत ज्याला आपण ‘ग्रेस’ म्हणतो. करारात ‘5 तारखेस, सवलत 3 दिवस’ असेल तर भाडे 5 तारखेचेच असते, ते 8 तारखेचे होत नाही. 7 तारखेला दिलेले भाडे उशिराच दिलेले असते, फक्त त्या उशिराची किंमत मोजावी लागत नाही.

हा शब्दच्छल नाही. काही करारांत ‘सतत तीन महिने वेळेवर भाडे दिल्यास’ किंवा ‘वर्षभरात दोनदा उशीर झाल्यास’ अशा अटी असतात. तिथे ‘वेळेवर’ म्हणजे देय तारखेच्या आत की सवलतीच्या आत, हे करारात लिहिलेले नसेल तर मालक पहिला अर्थ लावणार आणि भाडेकरू दुसरा. म्हणून ‘सवलतीच्या मुदतीत दिलेले भाडे या कराराच्या सर्व कलमांसाठी वेळेवर दिलेले समजले जाईल’ एवढे एक वाक्य करारात असावे, असे माझे ठाम मत आहे. मालकाचे त्यात काही जात नाही. त्याला ते नको असेल, तर तो नेमके काय राखून ठेवतो आहे ते सहीआधीच कळते.

तारीख रविवारी आली की भाडे आपोआप सोमवारवर जाते ना?

बहुतेकांची ही समजूत पक्की असते. शाळेची फी, विजेचे बिल, कोर्टातला अर्ज यांचा शेवटचा दिवस सुट्टीचा असला की पुढचा कामाचा दिवस धरतात, म्हणून भाड्याचेही तसेच असणार असे वाटते. पण खाजगी करारात तारीख सरकायची असेल तर ती करारातल्या शब्दांमुळे सरकते किंवा तसे सांगणाऱ्या कायद्यामुळे. दोन्ही नसतील तर रविवार हा 5 तारखेचाच रविवार राहतो.

भारतात यासाठी 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचे कलम 10 पुढे केले जाते. ठरलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी कोर्ट किंवा कार्यालय बंद असेल, तर ते उघडल्यावर पुढच्या दिवशी केलेले काम मुदतीत धरावे, असे ते कलम सांगते. पण ते बोलते कायद्याने ठरवून दिलेल्या, कोर्टात किंवा कार्यालयात करायच्या कामांबद्दल. दोन माणसांनी आपसात ठरवलेल्या भाड्याच्या तारखेला ते आपोआप लागू होत नाही.

जर्मनीत उलट आहे. तिथल्या नागरी संहितेचे कलम 193 सरळ सांगते की पैसे देण्याचा किंवा दुसरे काही करण्याचा शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सार्वजनिक सुट्टीचा असेल, तर त्याच्या जागी पुढचा कामाचा दिवस येतो. घराच्या भाड्यापुरता तर तिथला कायदा तारखेऐवजी ‘महिन्याचा तिसरा कामाचा दिवस’ अशीच भाषा वापरतो. तरीही वाद झालाच, कारण शनिवार हा कामाचा दिवस की सुट्टीचा? तो प्रश्न वरपर्यंत गेला आणि 2010 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितले की भाड्याचे हे तीन दिवस मोजताना शनिवार धरायचा नाही. त्यामागचा विचार व्यवहाराचा होता: भाडे आता बँकेतून जाते आणि शनिवारी बँका पैसे पुढे सरकवत नाहीत.

आणखी एक उदाहरण द्यायलाच हवे, कारण ‘सुट्टी म्हणजे पुढचा दिवस’ हा नियम निसर्गाचा नाही हे त्यातून दिसते. भारताच्या 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्ये वचनचिठ्ठी आणि हुंडी यांना कलम 22 ने तीन दिवसांची सवलत दिली आहे. ‘ग्रेसचे दिवस’ हा शब्दप्रयोग अशाच व्यापारी व्यवहारांतला आहे. आणि त्याच कायद्याचे कलम 25 म्हणते की पैसे देण्याचा दिवस सार्वजनिक सुट्टीचा असेल तर आधीचा कामाचा दिवस धरायचा, पुढचा नव्हे. हे कलम भाड्याला लागू नाही, पण ‘सुट्टी आली तर सोयीनुसार’ असे मोघम लिहिलेल्या करारात तारीख पुढेही जाऊ शकते आणि मागेही, एवढे त्यावरून लक्षात यावे.

सवलतीचे दिवस मोजताना सुट्ट्या धरायच्या की सोडायच्या?

करारात नुसते ‘3 दिवस’ असेल तर साधारणपणे कॅलेंडरचे सलग दिवस धरतात. सुट्ट्या सोडायच्या असतील तर ‘कामाचे दिवस’ असे लिहावे लागते, आणि कामाचे म्हणजे कोणाच्या कामाचे हेही. बँकेच्या, सरकारी कार्यालयाच्या आणि खाजगी कंपनीच्या सुट्ट्या सारख्या नसतात. ‘मालकाचे खाते ज्या बँकेत आहे तिच्या कामकाजाचे दिवस’ अशी व्याख्या सगळ्यांत कमी भांडणाची, कारण बँकेची सुट्ट्यांची यादी दोघांनाही बघता येते.

मोजणी कुठून सुरू होते हेही पाहावे. ‘5 तारखेनंतर 3 दिवस’ म्हणजे 6, 7 आणि 8. ‘5 तारखेपासून 3 दिवस’ असे लिहिले की कोणी 5 धरतो, कोणी धरत नाही. ‘पासून’ हा शब्द या कलमातून हद्दपारच करावा. त्याऐवजी ‘8 तारखेच्या अखेरपर्यंत’ असे तारखेनेच सांगावे.

एखादे उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

समजा कलम असे आहे: ‘भाडेकरू दरमहा 5 तारखेस भाडे देईल. सवलत 3 दिवस. त्यानंतर विलंब आकार.’ सुट्टीबद्दल एक शब्द नाही. त्या महिन्यात 5 तारीख रविवारी आली. 4 तारखेला शनिवारी बँक बंद होती आणि 6 तारखेला सोमवारीही सार्वजनिक सुट्टी होती. भाडेकरूने बुधवारी 8 तारखेला रात्री साडेनऊला बँकेच्या अ‍ॅपमधून पैसे पाठवले. त्याच्या खात्यातून ते लगेच वजा झाले. मालकाच्या खात्यावर जमा झाले गुरुवारी 9 तारखेला सकाळी दहाला.

आता हे कलम चार माणसे चार तऱ्हांनी वाचतील.

पहिला म्हणेल, सुट्टीचा उल्लेख नाही, म्हणजे तारीख हलत नाही. देय तारीख 5, सवलतीचे दिवस 6, 7, 8, शेवटचा दिवस 8. दुसरा म्हणेल, देय तारीख 5 मान्य, पण सवलतीचे दिवस कामाचे हवेत, नाहीतर सवलत कसली? मग 7, 8, 9, शेवटचा दिवस 9. तिसरा देय तारीखच पुढच्या कामाच्या दिवसावर, म्हणजे मंगळवारी 7 वर नेईल, त्यानंतर तीन दिवस 8, 9, 10, शेवटचा दिवस 10. चौथा, बहुधा मालकच, म्हणेल की सुट्टीमुळे पैसे अडायला नकोत म्हणून भाडे आधीच्या कामाच्या दिवशी, शुक्रवारी 3 तारखेला यायला हवे होते. मग सवलत 4, 5, 6, शेवटचा दिवस 6.

एकाच ओळीतून 6, 8, 9 आणि 10 अशा चार शेवटच्या तारखा निघाल्या. चौथ्याच्या हिशोबाने भाडे नक्की उशिरा आले, कारण ते 8 च्या आधी निघालेलेच नाही. दुसऱ्याच्या आणि तिसऱ्याच्या हिशोबाने ते नक्की वेळेत आहे. पहिल्याचा हिशोब मात्र अधांतरी राहतो: पैसे 8 ला निघाले आणि 9 ला पोचले, तर ‘देणे’ कधी घडले? तोच पुढचा प्रश्न.

माझे स्वतःचे वाचन विचाराल, तर असे कोरे कलम पाहून मी पहिल्याच्या बाजूने जाईन. करारात नसलेला शब्द आपण घालायचा नसतो. चौथ्याच्या वाचनाला या शब्दांत काहीच आधार नाही. दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे वाचन समजण्यासारखे आहे, पण त्याला तसा कायदा किंवा दोघांमधली आजवरची रीत सोबतीला लागते. आधी दोनदा रविवार आला असताना मालकाने काही न बोलता पुढच्या कामाच्या दिवशी भाडे घेतले असेल, तर तिसऱ्याचे पारडे बरेच जड होते.

पैसे पाठवले ती वेळ धरायची की खात्यावर जमा झाले ती?

कलमातले क्रियापद बघा. ‘भाडे देईल’, ‘भाडे पाठवेल’, ‘भाडे मालकाच्या खात्यावर जमा झालेले असेल’ ही तीन वेगळी आश्वासने आहेत. शेवटचे असेल तर मधल्या वाटेतला प्रत्येक उशीर भाडेकरूच्या डोक्यावर येतो. ‘पाठवेल’ असेल तर तो उशीर मालकाचा. ‘देईल’ असेल तर वादाला जागा उरते, आणि दुर्दैवाने बहुतेक करारांत तोच शब्द असतो.

कायद्याने हा प्रश्न पूर्वीच हाताळला आहे. भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 50 सांगते की पैसे घेणाऱ्याने जी पद्धत सांगितली किंवा मान्य केली, त्या पद्धतीने केलेली पूर्तता चालते. कायद्यातच उदाहरण आहे: घेणेकऱ्याने शंभर रुपयांची नोट टपालाने पाठवायला सांगितली, तर ती नोट नीट पत्ता लिहिलेल्या पाकिटात घालून टपालात टाकताच कर्ज फिटते. सांगितलेल्या वाटेचा धोका वाट सांगणाऱ्याचा, हे त्यामागचे तत्त्व.

याच तत्त्वावरचा एक जुना निकाल आपल्याकडच्या ओगले काच कारखान्याचा आहे. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता आयकराचा: दिल्लीहून सरकारने टपालाने पाठवलेल्या चेकचे पैसे औंध संस्थानातल्या कंपनीला मिळाले कुठे? कंपनीनेच चेकने पैसे पाठवा असे कळवले होते, म्हणून टपाल खाते हे कंपनीचे प्रतिनिधी ठरले आणि चेक दिल्लीत टपालात पडला तिथेच पैसे मिळाले असे धरले गेले. भाड्याचा आणि त्या खटल्याचा संबंध नाही, पण ‘मी सांगितलेल्या मार्गाने पैसे निघाले म्हणजे मला मिळाले’ हा विचार भाड्याच्या वादातही उपयोगी पडतो.

जर्मनीत हा प्रश्न थेट भाड्यावरच सुटला. 2016 मध्ये तिथल्या त्याच न्यायालयाने म्हटले की भाडेकरूने तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत आपल्या बँकेला पैसे पाठवण्याची सूचना दिली आणि खात्यात पुरेशी शिल्लक होती, तर भाडे वेळेवर दिले असे धरायचे. पैसे त्या दिवशी पोचलेच पाहिजेत अशी छापील अट त्यांनी भाडेकरूवर अन्याय करणारी म्हणून टिकू दिली नाही, कारण बँकेच्या दिरंगाईचा भार तिने भाडेकरूवर टाकला होता. ‘शिल्लक होती तर’ हा भाग मात्र विसरू नये. खात्यात पैसे नसताना दिलेली सूचना कुठेच चालत नाही.

म्हणून वरच्या उदाहरणातल्या भाडेकरूला मी सांगेन: मालकाने खाते क्रमांक देऊन ‘इथे टाका’ असे सांगितले असेल आणि करारात ‘जमा झालेले असावे’ असे शब्द नसतील, तर 8 तारखेला रात्री साडेनऊला वजा झालेले पैसे 8 तारखेचेच आहेत, हे म्हणणे तुम्ही ताठ मानेने मांडू शकता.

चेकचे काय?

चेक वटला तर साधारणपणे तो हातात दिला त्या दिवशीच पैसे दिले असे धरतात, जमा झाल्याच्या दिवशी नव्हे. परत आला तर काहीच दिले नाही. पण मालकाने चेक घ्यायचे कबूल केलेले असायला हवे. चेक दिल्याची तारीख लिहून घ्या, पोचपावतीशिवाय टपालपेटीत टाकून येऊ नका. आणि पुढची तारीख घातलेला चेक आज दिला म्हणून भाडे आज दिले असे होत नाही.

पैसे तर आता चोवीस तास जातात. मग सुट्टीचे कारण चालेल का?

हा चांगला प्रश्न आहे, कारण सुट्टीच्या सवलतीमागचे कारणच बदलले आहे. पूर्वी बँक बंद म्हणजे पैसे हलणेच बंद. भारतात एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून सर्व दिवस, चोवीस तास चालते. खात्यातून आपोआप हप्ते वळते करणारी एनएसीएच ही यंत्रणाही 1 ऑगस्ट 2021 पासून सुट्टीच्या दिवशी चालते. यामुळे ‘रविवार होता, बँक बंद होती’ हे कारण आता पूर्वीइतके वजनदार राहिलेले नाही. उलट, स्वयंचलित हप्ता 5 तारखेला लावला असेल तर तो रविवारी सुद्धा उचलला जाईल. पगार सोमवारी येणार म्हणून खाते रिकामे असेल तर हप्ता परत जाईल, आणि वर बँकेचा दंड बसेल.

तरी सुट्टी पूर्ण निरर्थक झालेली नाही. चेकचे वटणे बँकेच्या कामाच्या दिवशीच होते. रोख भरायला काउंटर उघडे लागते. नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवायला अनेक बँका परवानगी देत नाहीत, आणि ही अडचण नेमकी पहिल्या महिन्यात उभी राहते. मालकाचा खाते क्रमांक करार झाला त्याच दिवशी जोडून ठेवा आणि एखादी किरकोळ रक्कम पाठवून तो बरोबर आहे याची खात्री करा. 5 तारखेला रात्री नवे खाते जोडायला बसणे म्हणजे उशीर ओढवून घेणे.

5 तारखेला रात्री 11.50 ला दिलेले भाडे 5 तारखेचेच ना?

बँकेच्या अ‍ॅपमधून पाठवले असेल तर तारीख 5 च राहते, आणि पाठवल्याची वेळ महत्त्वाची असलेल्या करारात ते पुरेसे आहे. रोख किंवा चेक घेऊन त्या वेळी मालकाच्या दारात गेलात तर गोष्ट वेगळी. भारतीय करार कायद्याचे कलम 47 म्हणते की ठरलेल्या दिवशी करायची गोष्ट त्या दिवशी कामकाजाच्या नेहमीच्या वेळेत आणि ठरलेल्या जागी करायची. कायद्यातले उदाहरण गोदामाचे आहे: माल ठरलेल्या दिवशीच आणला, पण गोदाम बंद होण्याची वेळ टळून गेल्यावर. मालाची पूर्तता झाली नाही असेच धरले जाते. दार वाजवायचे असेल तर वेळ पाळा.

स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालतो का?

एकदा एक तरुण माझ्यासमोर फोन धरून बसला होता. पडद्यावर हिरवी खूण, खाली ‘यशस्वी’, वर तारीख 5. मालकाच्या पासबुकात मात्र 11 तारीख. दोघेही खरे बोलत होते. पैसे 5 ला वजा झाले होते, खाते क्रमांकातला एक आकडा चुकल्यामुळे 7 ला परत आले होते, आणि 11 ला पुन्हा पाठवले होते. 7 तारखेच्या परताव्याचा संदेश त्याने पाहिलाच नव्हता. पहिला स्क्रीनशॉट त्याने मालकाला 5 तारखेलाच पाठवला होता, म्हणून मालकाला तर ती सरळ फसवणूक वाटत होती.

म्हणून स्क्रीनशॉटपेक्षा खात्याचा उतारा आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, म्हणजे आपल्याकडचा यूटीआर, जपून ठेवा. पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी उतारा पुन्हा उघडून पैसे परत आलेले नाहीत ना, एवढे बघा. बँकेने परत केलेले पैसे हे न दिलेले पैसे, आणि खाते क्रमांक चुकीचा लिहिला गेला असेल तर ती चूक पाठवणाऱ्याची धरली जाते. चुकीचा क्रमांक मालकानेच दिला असेल तर मात्र त्याचा तो लेखी निरोप शोधून ठेवा. तुमची सगळी बाजू त्यावर उभी राहते.

सवलतीनंतर एक दिवस उशीर झाला. व्याज एका दिवसाचे की देय तारखेपासूनचे?

करार काय म्हणतो ते आधी. काही म्हणत नसेल, तर सवलतीमुळे देय तारीख सरकलेली नसते, म्हणून मुदत ओलांडली की मोजणी बहुधा मूळ तारखेपासूनच होते. इंग्लंडच्या 2019 च्या टेनंट फीज अ‍ॅक्टची घडण अशीच आहे: भाडे 14 दिवस थकल्याशिवाय मालकाला उशिराचे व्याज लावताच येत नाही, पण लावायची वेळ आली की ते मूळ देय तारखेपासून मोजता येते, बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरावर 3 टक्क्यांच्या मर्यादेत.

आकडा किती होतो ते पाहिले की भांडणाचा आवाज उतरतो. भाडे 30,000 धरा, चलन कोणतेही, आणि व्याज वर्षाला 12 टक्के. दिवसाला होतात 9.86. 5 तारखेचे भाडे 9 ला आले तर चार दिवसांचे साधारण 39.45. आता त्याच करारात ‘दिवसाला भाड्याचा 1 टक्का’ विलंब आकार असेल तर चार दिवसांचे 1,200 होतात. नुकसानभरपाई आणि दंड यांतला फरक हाच. भारतात करार कायद्याचे कलम 74 लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा मानते, आणि प्रत्यक्षात वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते. करारात 1,200 लिहिले म्हणून 1,200 मिळतातच असे नाही. पण अशा रकमेसाठी कोर्टात कोण जातो? म्हणून ती सही करण्याआधीच कमी करून घ्यावी.

मालक वर्षभर 10 तारखेला भाडे घेत आले. आता अचानक 5 चा आग्रह धरता येईल का?

येईल, पण आधी कळवून. उशिरा आलेले भाडे महिनोन्‌महिने निमूट घेतले की भाडेकरूने ‘10 चालते’ असे मानणे स्वाभाविक असते, आणि मागच्या महिन्यांचा दंड एकदम मागणे टिकणे अवघड. मालकाने लेखी सांगावे की अमुक महिन्यापासून 5 तारीख पाळली जावी. पावतीवर ‘उशिरा मिळाले, हक्क राखून स्वीकारले’ एवढे लिहिण्याची सवय असेल तर हा प्रश्न येतच नाही.

एका दिवसाच्या उशिरावरून घर खाली करायला सांगता येते का?

कायद्याचे संरक्षण असलेल्या भाडेकरूला सहसा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 15 नुसार थकबाकीवरून दावा लावायचा तर आधी लेखी मागणीची नोटीस आणि त्यानंतर 90 दिवस जावे लागतात. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूने थकबाकी 15 टक्के सरळ व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह भरली, तर या कारणावरून ताबा जात नाही. लिव्ह अँड लायसन्सने राहणाऱ्याने मात्र हे संरक्षण आपल्याला आहे असे गृहीत धरू नये. तिथे कराराचे कलम जास्त बोलते, म्हणून तारखेची ओळ जास्त काळजीने वाचावी.

मग कलम लिहावे तरी कसे?

मी असे लिहितो, आणि दोन्ही बाजूंनी ते आजवर मान्य केले आहे:

‘भाडेकरू दरमहाचे भाडे त्या महिन्याच्या 5 तारखेस किंवा त्यापूर्वी, मालकाने लेखी कळवलेल्या बँक खात्यावर पाठवेल. 5 तारखेला मालकाच्या खात्याची बँक बंद असल्यास, ती बँक उघडेल तो पुढचा पहिला दिवस ही त्या महिन्याची देय तारीख असेल. देय तारखेनंतरच्या सलग 3 कॅलेंडर दिवसांच्या अखेरपर्यंत पाठवलेले भाडे या कराराच्या सर्व कलमांसाठी वेळेवर दिलेले समजले जाईल. भाडेकरूच्या खात्यातून रक्कम वजा झाल्याची तारीख ही भाडे दिल्याची तारीख असेल, मात्र ती रक्कम परत आल्यास भाडे दिलेले नाही असे समजले जाईल.’

यात वरच्या उदाहरणातली चारही वाचने बंद होतात. देय तारीख 7, शेवटचा दिवस 10, आणि बुधवारी रात्री साडेनऊला वजा झालेले पैसे 8 तारखेचे. मालकाला स्वतःचा हप्ता 6 ला भरायचा असल्याने पैसे लवकर हवे असतील, तर त्याने सवलत तोडण्यापेक्षा मूळ तारीखच 1 करावी. भाडेकरूचा पगार 7 ला होत असेल तर 5 तारीख घालून दरमहा सवलतीवर जगण्यापेक्षा 10 तारीख मागून घ्यावी. तारीख दोघांच्या पैशाच्या येण्याजाण्याशी जुळलेली असली की सुट्टीचा प्रश्न वर्षातून एखाद्या वेळीच उठतो.

करार आधीच झाला आहे आणि त्यात यातले काहीच नाही. आता?

पुढची सुट्टीची तारीख यायच्या आधी मालकाला साधा निरोप पाठवा: ‘या महिन्यात 5 तारीख रविवारी आहे आणि सोमवारीही बँक बंद आहे. भाडे मंगळवारी 7 ला पाठवले तर चालेल ना?’ ‘चालेल’ एवढे लेखी उत्तर आले की त्या महिन्याचा प्रश्न मिटला, आणि पुढच्या वेळी दाखवायला रीतही तयार झाली. उत्तर आलेच नाही तर शुक्रवारी 3 तारखेला पैसे पाठवून मोकळे व्हा.

करारात ‘31 तारखेस’ असे लिहिले आहे. फेब्रुवारीत काय करायचे?

महिन्याचा शेवटचा दिवस धरा, आणि पुढच्या नूतनीकरणाला ‘महिन्याच्या शेवटच्या दिवशी’ असे लिहून घ्या.